तळटिपा शेवटी नेताना

आमची वहिनी बोलता बोलता नाहीशी होते. म्हणजे समोरच बसलेली असते, हातात कप असतो, तुमच्या बोलण्यावर मानही हलवत असते. पण ती तिथे नसते. लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, ही बया आपल्याला भावच देत नाही. मी शाळेत पीटी शिकवते. मला उत्तर ताबडतोब लागतं, आणि मोठ्या आवाजात लागतं. एकदा चिडून दादाला विचारलं, "तुझी बायको ऐकतच नाही, की ऐकून सोडून देते?" दादा लिफ्ट दुरुस्त करतो, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं त्याला नवीन नाहीत. तो म्हणाला, "अगं, ती खाली गेलेली असते. येईल वर."

खाली म्हणजे पानाच्या तळाशी. वहिनी एका संशोधन त्रैमासिकात लेखांच्या प्रती तपासते. बाकीचे लोक लेख वाचतात, वहिनी टिपा वाचते. कुणी कुठल्या कपाटातला कागद पाहिला, कुणी कुणाचे आभार मानले, कुणी कुणाला हळूच चिमटा काढला, ते सगळं म्हणे खाली बारीक अक्षरात असतं. "वर माणूस कोट घालून बोलतो गं शिट्टी, आणि खाली घरच्या कपड्यांत," असं ती मला एकदा म्हणाली. शिट्टी म्हणजे मी. हे नाव तिनंच ठेवलंय, आणि आता शाळेतल्या पोरीसुद्धा माघारी तेच वापरतात.

तिचं कार्यालय सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे, दोन खोल्यांचं. दुपारी शाळा सुटली की मी तिला घ्यायला जाते. खालून कुणीतरी चाक फिरवून सोडतं, त्याची टिकटिक वर येते आणि हळूहळू मंद होत थांबते. खिडकीतून ऊन टेबलावर येतं, कागदांवर सरकत राहतं, आणि वहिनी त्या उन्हाबरोबर खुर्ची सरकवत बसलेली असते. तिचं एक बोट मजकुरातल्या आकड्यावर असतं, दुसरं टिपेवर. मी जिना दणाणत चढते तरी तिला पत्ता नसतो. त्या खोलीत गेलं की मलासुद्धा पेंग येते, आणि मी पेंगणारी बाई नाही.

तिथे जोडवाचनाची पद्धत होती. एकानं मजकुरातलं वाक्य आकड्यासकट मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं त्या आकड्याची टीप वाचायची, आणि दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली की पुढे जायचं. वहिनीचे जोडीदार एक म्हातारे मुद्रितशोधक होते, सगळे त्यांना आजोबा म्हणायचे. ते वाचता वाचता इतके हळू होत की ऐकणाऱ्याला वाटावं, झोपले. पण टिपेचा आकडा आला की आवाज बरोबर वर चढायचा. ते मुलीकडे राहायला गेले आणि जोडवाचन बंद पडलं. त्यांची खुर्ची तशीच आहे, तिच्यावर आता जुने अंक रचून ठेवलेत.

त्याच सुमाराला संपादकांनी नवा नियम काढला: तळटिपा बंद, सगळ्या टिपा लेखाच्या शेवटी. त्रैमासिक आता संगणकावरही वाचलं जाणार होतं, आणि पडद्यावर पानाला तळ कुठून आणायचा? नियमात चूक काही नव्हती. तरी वहिनी दोन दिवस उदास होती. "इतक्या जणांना घराबाहेर काढायचं, आणि सगळ्यांना एकाच हॉलमध्ये नेऊन बसवायचं," म्हणाली. मी म्हटलं, "वहिनी, त्या टिपा आहेत. त्यांना सतरंज्या लागत नाहीत."

नव्या नियमाखाली पहिलाच लेख आला तो इतिहासाच्या एका जुन्या प्राध्यापकांचा; सगळे त्यांना सरच म्हणतात. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी सगळं आयुष्य एका नदीवर घातलं: तिच्यावरचे होड्यांचे धक्के, कुठला जुना, कुठला नवा, कुठून माणसं पलीकडे जायची आणि का जायची. लेख इतका लांबलचक की अर्धा अंक त्याचाच. आणि सरांनी तो जुन्या पद्धतीनं टंकलेला. म्हणजे प्रत्येक पानावर टिपांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू, आणि आकडे हातानं लहान करून शब्दाच्या डोक्यावर चढवलेले. संगणकाच्या खऱ्या टिपा असत्या तर एका आज्ञेसरशी सगळ्या उठून शेवटी गेल्या असत्या आणि वाटेत आपले नंबरही बदलून घेतले असते. ह्या साध्या अक्षरांसारख्या टंकलेल्या. संगणकाच्या लेखी तो आकडा आणि ती टीप यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता.

म्हणून वहिनीनं लेख कागदावर काढला आणि हातानं नंबर घातले. आधी मजकुरातले आकडे, लाल पेन्सिलीनं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग. मग टिपा, निळ्या पेन्सिलीनं, तशाच सलग. धक्क्याच्या क्षेत्रफळात चौरस मीटरचा दोन डोक्यावर बसलेला होता, त्याला टिपेचा आकडा समजून हात लावला नाही. तक्त्याच्या टिपांना फुल्या होत्या, त्या तक्त्याखालीच राहू दिल्या. 'वरील अमुक टीप पाहा' असं जिथे जिथे होतं तिथला आकडा बदलला. शेवटी मजकुरातला शेवटचा आकडा आणि शेवटच्या टिपेचा आकडा एकच आला. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "जुळलं," आणि वाटेतल्या प्रत्येक दिव्याकडे बघत घरी आली. दिवसभर ती नदीतच होती. तिला पलीकडचा काठ दिसत होता म्हणे.

प्रूफं सरांकडे गेली. आणि मग फोन आला. रविवारची दुपार होती, वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. फोन कानाला लावला आणि तिचा चेहरा असा उतरला की मी हातातली वाटी खाली ठेवली. सर ओरडले नव्हते. ते एवढंच म्हणाले होते, "लेख परत द्या. मला छापायचा नाही."

"ओरडले असते तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाली. ती तिथेच जमिनीवर बसली, ओला टॉवेल मांडीवर घेऊन. "शिट्टी, मी काहीतरी भयंकर केलंय, आणि काय केलंय तेच मला कळत नाहीये."

मला रडणाऱ्या माणसांचं काय करायचं ते समजत नाही, पण गाडी काढायचं समजतं. तिला मागे बसवलं, मूळ प्रत आणि प्रूफं पोटाशी धरायला लावली आणि सरांच्या घरी गेले.

सरांचं घर चौथ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. खोलीत चहूकडे नकाशे, आणि खिडकीतून खूप लांबवर नदीचा एक तुकडा, उन्हात पांढरा झालेला. सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. आम्हाला बसा म्हणाले नाहीत. नुसतं प्रूफ पुढे सरकवलं आणि एका वाक्यावर बोट ठेवलं.

वाक्य असं होतं: 'वरचा धक्का हाच सर्वांत जुना, हे प्रथम मांडले ते माझ्या सहकारी मॅडमनी.' त्याच्या डोक्यावर आकडा. आकड्यावरून वहिनीनं शेवटची पानं उघडली, तर तिथे एका ग्रंथाचं नाव आणि पुढे टीप अशी: 'हे विधान सर्वस्वी चुकीचे असून ते मी मागे घेतो. पुरावा माझ्या टेबलावर पडून होता आणि मी तो उघडून पाहिला नाही.'

"ही टीप इथली नाही," वहिनी पुटपुटली.

"नाहीच," सर म्हणाले. "पुढच्या वाक्याची आहे." पुढचं वाक्य होतं: 'खालचा धक्का त्याहून जुना, असे मी एकेकाळी लिहिले होते.' आणि त्याच्या आकड्याखाली आता कुठल्याशा होडीच्या लाकडाची माहिती होती.

मग त्यांनी सांगितलं. मॅडम आणि ते एकाच खोलीत शेजारच्या टेबलांवर काम करत. मॅडमनी वरच्या धक्क्याबद्दल लेख लिहिला, तो तपासायला सरांकडेच आला, सोबत एक जुना नकाशा गुंडाळी करून. सरांनी ती गुंडाळी न सोडताच चार लोकांसमोर लेखाची चिरफाड केली. मॅडम त्यानंतर नदीबद्दल कधी लिहित्या झाल्या नाहीत, आणि सरांशी बोलत्याही झाल्या नाहीत. सरांनी नकाशा पाहिला तो निवृत्तीच्या वेळी टेबल आवरताना. "ती अजून तुमचं त्रैमासिक घेते. ती हे पान वाचणार, टीप काढणार, आणि तिला दिसणार काय? की म्हाताऱ्यानं तिचं श्रेय पुन्हा एकदा छापून काढून घेतलं."

मला धक्क्यांशी काय देणंघेणं! पण एका आकड्याच्या घसरगुंडीवरून माफीची शिवी झाली होती, एवढं मलाही कळलं. रागच आला मला, नेमका कुणाचा ते मात्र ठरेना.

वहिनीनं डोळे पुसले. "सर, लेख मागे घ्यायचा तो घ्या. पण आधी मला शोधू द्या हे कुठे निसटलं."

त्या दुपारी मी जोडवाचन केलं. वहिनी प्रुफातलं वाक्य वाचायची, मी शेवटच्या पानांतली टीप. माझा आवाज मैदानावरचा. पहिली टीप वाचली तर शेजारच्या घरातलं कुणीतरी गॅलरीत आलं. सर म्हणाले, "हळू, इथे होड्या आहेत." मग मीही हळू झाले. वाक्य, टीप, मान. वाक्य, टीप, मान. पंखा फिरत होता. पाण्यावर ताणलेला दोर, दोराला धरून पलीकडे जाणारी माणसं, धुक्यात हाक मारायची तऱ्हा, रात्री एकट्यानं होडी आणणारी एक बाई. थोड्या वेळानं मला वाटायला लागलं की आपण वाचत नाही आहोत, वल्हवतोय; वहिनी एका बाजूनं, मी दुसऱ्या. वहिनी दिवसदिवस कुठे जाते ते मला त्या दिवशी कळलं. जागा चांगली होती.

आणि एकदम होडी अडली. वहिनीनं वाचलं, 'हा दोर दरवर्षी बदलत.' मी वाचलं, 'महापुराची नोंद, संग्रहातील बाड.' आम्ही एकमेकींकडे बघितलं. मान कुणाचीच हलली नाही.

वहिनीनं मूळ प्रत उघडली आणि कपाळाला हात लावला. त्या पानावर सरांनी एकाच टिपेसाठी दोन ठिकाणी एकच आकडा दिला होता: दोराबद्दलच्या दोन वाक्यांना एकच आधार. पानापुरते आकडे असताना त्यात काही बिघडत नव्हतं. दोन्ही आकडे खालच्या एकाच टिपेकडे बोट दाखवत. पण वहिनीनं सलग नंबर घालताना दुसऱ्यालाही नवा नंबर दिला. त्याच्यासाठी टीपच नव्हती. तिथून पुढे प्रत्येक वाक्य पुढच्याची टीप घेऊन चाललं.

"मग शेवटी नंबर जुळले कसे?" मी विचारलं.

पुढे वाचत गेलो, एकेक जोडी विजोड, आणि खूप पानांनंतर अचानक सगळं पुन्हा बरोबर. तिथे तळाला घंटेबद्दल एक टीप होती, पण मजकुरात घंटेचा पत्ता नव्हता. सरांनी ते पान हातात घेतलं. "ते वाक्य मी काढून टाकलं होतं," ते सावकाश म्हणाले. "टीप राहून गेली. आणि वरचे नंबर सलग करून घेतल्यामुळे ती उरलीय हे दिसलंच नाही."

एक आकडा जास्त, एक टीप जास्त. दोन चुकांनी मिळून हिशेब बरोबर दाखवला होता आणि मधली सगळी पानं बिघडवली होती.

"आजोबा असते तर दोरापाशीच थांबले असते," वहिनी म्हणाली. "मी शेवटचा आकडा बघितला आणि विश्वास ठेवला. जोड्या लावल्याच नाहीत. मला ते वाचताना इतकं छान वाटत होतं सर, की तपासायचं राहिलं." हे ती मान खाली न घालता म्हणाली. मला तिचा तेव्हा फार अभिमान वाटला, आणि तिला तसं सांगायचं मात्र सुचलं नाही.

सर आता बसा म्हणाले, आणि स्वतः उठून चहा ठेवला.

दुरुस्ती तिथेच ठरली. दोराच्या दुसऱ्या आकड्याला स्वतःची टीप द्यायची, 'वरील टीप पाहा' एवढीच. घंटेची टीप गाळायची. म्हणजे मधल्या सगळ्या टिपांचे नंबर एकेकानं वाढणार, त्यांच्याकडे बोट दाखवणारे उल्लेखही पुन्हा तपासायचे. वहिनी निळी पेन्सिल तासत होती. तेवढ्यात सर म्हणाले, "आणि माझी ती टीप शेवटीच जाणार?"

"हो सर. सगळ्याच जाणार."

"तळाशी असती तर वाक्य वाचता वाचता तिची नजर खाली गेली असती. शेवटी जाऊन कोण बघतं? नुसती वाक्यं वाचून अंक मिटतील. तेवढी एक ठेवता येत नाही का खाली?"

वहिनीनं पेन्सिल ठेवली. आमची वहिनी कुणाला उलट बोलत नाही. भाजीवाल्यालासुद्धा ती थँक्यू म्हणते. ती म्हणाली, "नियम आहे म्हणून नाही म्हणत, सर. पण ती टीप आहे कशाला?"

"म्हणजे?"

"टीप आधारासाठी असते. हे तर तुमचंच बोलणं आहे. ते बारीक अक्षरात का?"

सर खिडकीबाहेरच्या त्या पांढऱ्या तुकड्याकडे वळले. मला वाटलं, झालं, आता लेख परत मागणार आणि आम्हाला दार दाखवणार.

"कारण तेवढ्याच आवाजात म्हणायचा धीर होता," ते म्हणाले.

"मग आता थोडं मोठ्यानं म्हणा. लिहून घेते."

सरांनी सांगितलं आणि वहिनीनं लिहून घेतलं. दोनदा ते मध्येच थांबले, एकदा सगळं खोडायला लावलं. शेवटी चार साधी वाक्यं उरली. वहिनीनं ते मजकुरात घातलं, मुख्य अक्षरात, खालच्या धक्क्याच्या वाक्याच्या जागी. एक टीप कमी झाली म्हणून पुढचे सगळे आकडे एकेकानं खाली आले. लगेच पुढच्या टिपेत 'तत्रैव' होतं, म्हणजे आधीच्या टिपेतलाच ग्रंथ; पण आधीची टीपच गेलेली. तिथे वहिनीनं ग्रंथाचं पूर्ण नाव लिहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून जोडवाचन. माझा आवाज बसला. ऊन खोलीतून निघून गेलं तेव्हा शेवटच्या जोडीला आम्ही तिघांनी मान हलवली.

नवी प्रूफं आली तेव्हा सरांचा पुन्हा फोन आला. अंक येईपर्यंत थांबणं त्यांना जमत नव्हतं. एकट्यानं जाणंही जमत नव्हतं. मग आम्ही टॅक्सीनं गेलो. मॅडमचं घर फार लांब नव्हतं. इतकी वर्षं इतक्या जवळ, असं मी म्हणणार होते, पण वहिनीनं माझा हात दाबला.

मॅडमनी दार उघडलं. बारीक, ताठ, चष्मा साखळीला. सरांना बघून त्यांनी दार लावलं नाही आणि पूर्ण उघडलंही नाही. सरांनी पान पुढे केलं. मॅडमनी उंबऱ्यातच चष्मा लावला आणि वाचायला लागल्या.

'वरचा धक्का हाच सर्वांत जुना, हे प्रथम मांडले ते माझ्या सहकारी मॅडमनी. मी तेव्हा त्याला विरोध केला. त्यांचा पुरावा न पाहता केला. त्या बरोबर होत्या. मी त्यांच्यावर अन्याय केला, आणि त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो.'

त्यांनी दोनदा वाचलं. मग त्यांचं बोट शेवटच्या शब्दाच्या टोकाला गेलं, वर, जिथे आकडा असतो तिथे, आणि ते तिथे काहीतरी शोधत राहिलं. जन्मभराची सवय.

"याची टीप कुठंय?" त्यांनी विचारलं.

"टीप नाही," सर म्हणाले. "एवढंच आहे."

मॅडमनी चष्मा काढला. मग त्या बाजूला झाल्या आणि दार पूर्ण उघडलं.